आस इंग्रजीत कशी सांगावी?

खोपोलीजवळ साजगावला आपला बोंबल्या विठोबा आहे. तुकोबाराय मिरची विकायला घाट उतरून इथवर आले होते, अशी आख्यायिका आपण कर्जत-खालापुरात लहानपणापासून ऐकतो. कार्तिकीला यात्रा भरते, एकीकडे सुक्या बोंबलांचा बाजार आणि दुसरीकडे टाळ-मृदंग. आता यात्रेला येणाऱ्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत शिकतात, काही परदेशात आहेत. ती विचारतात, "आजोबा, हा अभंग म्हणजे काय?" तेव्हा अर्थ इंग्रजीत सांगावा लागतो, आणि गाडी तिथंच अडते.

तुकोबांचा भेटीच्या आसेचा अभंग घ्या. तुम्हाला तो पाठ आहे. त्याच्या पहिल्या चरणात भेट आहे, जीव आहे, आस आहे. पण सगळी गंमत 'लागणे' या क्रियापदात आहे, बरं का. आपण म्हणतो तहान लागली, भूक लागली, ओढ लागली. ही कामं आपण करत नाही, ती आपल्याला होतात. आस लागली म्हटलं की मी कर्ता उरतच नाही. नम्रता ती हीच, वाक्याच्या घडणीत बसलेली.

इंग्रजी शिकलेला मुलगा चटकन लिहितो, "आय लाँग टु मीट यू." व्याकरणात चूक नाही. पण वाक्याच्या तोंडाशीच 'मी' येऊन बसला, तोही इंग्रजीतला मोठ्या अक्षराचा मी! मग त्याला वाटतं नम्रपणा कमी पडला, म्हणून तो 'हंबल सर्व्हंट' घालतो, 'ओ ऑलमायटी लॉर्ड' घालतो. तुकोबांनी यातलं काही म्हटलेलं नाही. दीनपणाचं विशेषण लावलं की तो मिरवायला लागतो.

त्यापेक्षा असं करून बघा: "ए लाँगिंग टु सी यू हॅज टेकन होल्ड ऑफ माय हार्ट." आता आस पुढे आली, तिनं धरलं, आणि मी मागे राहिलो. 'आस'ला 'डिझायर' म्हटलं तर वासनेचा वास येतो, 'होप' म्हटलं तर व्याकूळपणा जातो. 'लाँगिंग'मध्ये लांबलेली वाट ऐकू येते, म्हणून तो बरा. 'मीट' म्हटलं की हल्ली ऑफिसची मीटिंग आठवते, म्हणून 'सी'. तरी थोडं हातचं जातंच. भेट दोघांची असते, 'सी'मध्ये पाहणारा एकटाच. आणि 'हार्ट'मध्ये जीव सगळा मावत नाही. 'सोल' लिहिलं तर मात्र वेदान्ताची चर्चा सुरू होते, ते इथं नको.

देवाला 'तू' म्हणायचं कसं? निकोल मॅकनिकल यांनी 1919 साली मराठी संतांचे 108 अभंग इंग्रजीत छापले, तिथं देवाला जुनं 'दाऊ' आहे. तो शब्द मुळात जवळिकीचाच, आपल्या 'तू'सारखा. पण आजच्या कानाला तो चर्चमधला, भारदस्त वाटतो. दिलीप चित्रे यांनी 1991 च्या 'सेज तुका'मध्ये साधं 'यू' ठेवलं. मला तेच पटतं. माऊलीला हाक मारताना भारदस्तपणा कशाला?

पुढे दिवाळीची लेक येते. इथं शब्दाला शब्द ठेवला तर परदेशी पोराला वाटेल, मुलगी घरातच आहे आणि फराळाची वाट बघतेय! 'मॅरिड डॉटर' म्हणावंच लागतं. आणि ती वाट पाहते मुळाची, म्हणजे माहेराहून न्यायला येणाऱ्या माणसाची. त्याला इंग्रजीत एक शब्द नाही. तेव्हा सरळ सांगावं: "शी वॉचेस द रोड फॉर द वन हू विल कम टु टेक हर टु हर मदर्स हाउस." लांबलं तर लांबू द्या. ते तोडलं, तर पंढरी हे माहेर कसं, हे पोराला कधीच कळणार नाही.

शेवटी भुकेलं बाळ, आणि तुकोबा म्हणतात तशीच मलाही भूक लागली आहे, धावत ये. इथं पुष्कळ जण 'प्लीज' घालतात. अहो, तान्हं कधी आईला प्लीज म्हणतं का? "रन टु मी, लेट मी सी युअर फेस," एवढंच पुरे. आदर तुकोबांनी एकाच ठिकाणी ठेवला आहे: मुखाला 'श्री' लावून. म्हणून फार तर 'फेस'च्या आधी 'ब्लेसेड' घाला, आणि तिथंच थांबा.