नऊ हजार रुपयांचा महिना आणि परत मागितलेलं कमिशन: वार्षिक प्रवेशाच्या कमिशनचा हिशेब

आजचा विषय रुक्ष वाटेल, पण नांदेडचं श्यामनगर किंवा लातूरचा ट्युशन एरिया ज्यांनी पाहिलाय त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. तिथल्या क्लासेसना पोरं कोण आणतं? काही जाहिरातीवर येतात, काही थोरल्या भावाच्या मागे येतात. पण बरीच पोरं काउन्सेलर किंवा गावोगावचे ओळखीचे लोक आणतात आणि त्यांना दर प्रवेशामागे कमिशन मिळतं. प्रवेश वर्षाचा असतो, कमिशन पहिल्याच महिन्यात दिलं जातं. मग मुलगा मध्येच सोडून गेला, फी परत द्यावी लागली, तर त्या कमिशनचं काय करायचं? आज आपण फक्त हाच प्रश्न घेऊ, आणि तोही नीटच्या रिपीटर बॅचपुरता, कारण तिथे तो सगळ्यात उघडा पडतो.

आधी हे पाहू की मुलं सोडून जातात कधी. नीट मे महिन्यात होते, निकाल जूनमध्ये लागतो. कमी गुण आलेला मुलगा जून-जुलैमध्ये रिपीटर बॅचला प्रवेश घेतो. पण त्याच गुणांवर तो राज्याच्या प्रवेशफेऱ्यांतही उभा असतो, आणि त्या ऑगस्टपासून पुढे दोन-तीन महिने चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बीडीएस किंवा बीएएमएसची जागा लागली की घरचे म्हणतात, चला, मिळतंय ते घेऊ. म्हणजे क्लास सोडणारी मुलं वर्षभर सारखी गळत नाहीत. ती एकगठ्ठा, सप्टेंबर-ऑक्टोबरात जातात. ही तारीख दरवर्षी साधारण माहीत असते, तरी कमिशनचा करार करताना ती कुणी लक्षात घेत नाही.

दुसरी बाजू फीची. 'फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' हे वाक्य पावतीवर छापायची आपल्याकडे जुनी सवय आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलंय की पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांच्या आत परत करावी. वसतिगृह आणि मेसचे पैसेही त्यात आले. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, पण पालक आता ती पानं मोबाइलवर दाखवतात. तेव्हा परतावा द्यायचा आहे असं धरूनच हिशेब मांडलेला बरा.

आता उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, कुठल्या खऱ्या क्लासचे नाहीत. फी ९०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पालक १,०६,२०० भरतात. बॅच १ जुलै ते ३० एप्रिल, दहा महिने. कमिशन ६ टक्के. कशावर? इथेच पहिला घोळ होतो. जीएसटी हा सरकारचा पैसा, क्लासचं उत्पन्न नव्हे. म्हणून कमिशन ९०,००० वर, म्हणजे ५,४००. १,०६,२०० वर धरलं तर ६,३७२ होतात आणि प्रत्येक प्रवेशामागे ९७२ रुपये उगीच जातात.

मुलगा ३० सप्टेंबरला सोडतो. तीन महिने वापरले, सात उरले. परतावा ६३,००० अधिक त्यावरचा जीएसटी ११,३४०, एकूण ७४,३४०, आणि त्यासाठी क्रेडिट नोट काढायची. क्लासकडे खरं उत्पन्न राहिलं २७,००० चं. त्यावर ६ टक्के म्हणजे १,६२० रुपये. एजंटला दिलेत ५,४००. फरक ३,७८०, तो परत घ्यायचा. यालाच इंग्रजीवाले क्लॉबॅक म्हणतात. आपल्याकडे सरळ 'कमिशन कापलं' म्हणतात, आणि भांडणही सरळच होतं.

पण कापायच्या आधी ते ५,४०० वहीत कुठे लिहिले होते, हे बघू. बहुतेक ठिकाणी जुलैमध्ये पूर्ण रक्कम खर्चात टाकतात. चाळीस प्रवेश असतील तर २,१६,००० रुपये एकाच महिन्याचा खर्च. जुलै तोट्यात, पुढचे नऊ महिने फायद्यात, आणि दोन्ही खोटे. फी जशी आगाऊ मिळालेली म्हणून देणं धरतो आणि महिन्याला ९,००० प्रमाणे उत्पन्नात घेतो, तसंच कमिशनही आगाऊ खर्च म्हणून धरायचं आणि महिन्याला प्रवेशामागे ५४० रुपये खर्चात न्यायचे. चाळीस प्रवेशांचे महिन्याला २१,६००. टॅलीत 'आगाऊ कमिशन' असं एक खातं उघडलं की झालं.

याचा उपयोग सप्टेंबरअखेर कळतो. तीन महिन्यांत ६४,८०० खर्ची पडले, आगाऊ कमिशन खात्यावर १,५१,२०० शिल्लक. पाच मुलं गेली. त्या पाचांची शिल्लक प्रत्येकी ३,७८०, म्हणजे १८,९००. आणि परत घ्यायची रक्कमही तेवढीच! प्रमाणात वसुलीचा करार असेल तर हे दोन आकडे नेहमी जुळतात. मग नोंद एका ओळीची: एजंटच्या खात्यावर १८,९०० नावे, आगाऊ कमिशन खात्यावर जमा. उरलेल्या पस्तीस मुलांचे १,३२,३०० तसेच पुढे चालतात. एजंट पैसे देईल असं वाटत नसेल, गाव सोडून गेला असेल, तर ती रक्कम येणं म्हणून वर्षानुवर्षे ओढायची नाही. त्याच महिन्यात खर्चात टाकायची.

इथे कुणी विचारेल, इंड एएस ११५ लागू असलेल्या कंपन्यांना तर एक वर्ष किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारावरचं कमिशन लगेच खर्चात टाकायची सवलत आहे. आहे, बरोबर. आणि आपल्याकडचे बहुतेक क्लास त्या नियमांखाली येतही नाहीत. ३१ मार्चच्या ताळेबंदात फरकही फार नाही, फक्त एप्रिल महिन्याचा वाटा. पण आपण हे ताळेबंदासाठी करत नाही. कुणाकडून किती परत घ्यायचं हे ज्या दिवशी मुलगा जातो त्या दिवशी तयार असावं, यासाठी करतोय.

आता भांडणाकडे येऊ. कमिशन परत घ्यायच्या अटी आम्ही पाहिल्या त्यांत एक प्रकार फार चालतो: 'नव्वद दिवसांत प्रवेश रद्द झाल्यास पूर्ण कमिशन कापले जाईल, त्यानंतर काही नाही.' लिहायला सोपा. पण यात काय होतं पहा. १ जुलैला आलेल्या मुलाचा नव्वदावा दिवस २८ सप्टेंबरला येतो, आणि फेऱ्यांचा काळही हाच. वीस सप्टेंबरला पालकाचा फोन आला, 'भाऊ, पोराला बीएएमएस लागलं, फी परत कशी मिळंल?' तर एजंट म्हणणार, 'दादा, आता ऑफिसला गर्दी आहे, पुढच्या महिन्यात या.' त्याचे ५,४०० वाचतात. पालकाचा मात्र रोजचा तीनशे रुपये परतावा कमी होतो. एजंट वाईट आहे म्हणून नव्हे, कराराने त्याला ते शिकवलं म्हणून. हे ओळखायचं कसं? रद्द झालेल्या प्रवेशांच्या तारखा ओळीने मांडा. ८० ते ९० दिवसांत एकही नाही आणि ९१ ते १०० मध्ये ढीग, असं दिसलं की समजायचं. प्रमाणात वसुली असेल तर आठवडाभर थांबवून त्याला सव्वाशे रुपये मिळतात. तेवढ्यासाठी कुणी पालकाशी संबंध बिघडवत नाही.

यापेक्षाही बरी वाट आहे, आणि ती आपल्या भागाला शोभते. इथे कितीक घरांत एकरकमी फी येतच नाही. जूनमध्ये काही, सोयाबीन मोंढ्यावर गेलं की काही, उरलेली जानेवारीत. समजा ३०-३० हजारांचे तीन हप्ते. तर कमिशनही हप्ता जमा झाल्यावर, १,८०० प्रमाणे द्यायचं. तोच मुलगा ३० सप्टेंबरला गेला. वापरले २७,०००, भरले होते ३०,०००. परतावा ३,००० अधिक जीएसटी. कमिशन परत घ्यायचं फक्त १८० रुपये. आणि एजंटकडे शेवटी राहिलं किती? १,६२०. मघाचाच आकडा! फरक एवढाच की तिकडे ३,७८० रुपये देऊन, खर्च झाल्यावर परत मागायला लागले, इकडे त्यातले १८० सोडले तर ते गेलेच नाहीत. ज्या माणसाने जुलैतले पैसे पेरणीत घातलेत त्याच्याकडून सप्टेंबरात वसुली म्हणजे काय असतं, ते सांगायला नको.

हप्त्याची पद्धत एका ठिकाणी मात्र पुरत नाही, ते म्हणजे स्लॅब. '३९ पर्यंत ६ टक्के, ४० झाले की सगळ्यांवर ७ टक्के.' चाळिसाव्या प्रवेशाने ३६,००० रुपये जास्त मिळतात. मग शेवटच्या दोन दिवसांत टोकन भरून चार-पाच नावं येतात, ती ऑक्टोबरात नसतात. आता पस्तीसच उरले, तर सात टक्के कशाचे? म्हणून वरचा एक टक्का प्रवेशफेऱ्या संपल्यावर, टिकलेल्या प्रवेशांवर मोजून द्यायचा. तोपर्यंत तो देणं म्हणूनही पूर्ण धरायचा नाही. गेल्या वर्षी किती टिकले ते पाहून धरायचा.

दोन गोष्टी करारात लिहायच्या राहून जातात. एक, मुलगा का गेला. जागा लागली म्हणून गेला तर प्रमाणात कापणं ठीक. पण ज्या फिजिक्सच्या सरांचं नाव सांगून प्रवेश आणला तेच सर दुसऱ्या क्लासला गेले, म्हणून मुलगा गेला, तर एजंटचा दोष काय? आमच्या मते तिथे कमिशन कापू नये, आणि हे आधीच लिहावं. दुसरं, एजंट पगारी आहे की बाहेरचा. बाहेरचा असेल आणि वर्षाचं कमिशन वीस हजारांच्या वर असेल, तर २ टक्के टीडीएस कापला जातो. त्याच्या हातात ५,४०० नाही, ५,२९२ पडलेले असतात, आणि तो म्हणतो, मिळालेच नाहीत ते परत कसे देऊ? ३,७८० वरचे ७५ रुपये ६० पैसे त्याच्या पॅनवर जमा आहेत, विवरणपत्र भरल्यावर ते त्याच्या करात धरले जातील, हे त्याला कागद दाखवून समजावायला लागतं. पगारी माणूस असेल तर मामला वेगळा: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत वेतनातून कशासाठी कापता येतं ते ठरवून दिलंय आणि एकूण कपात निम्म्याच्या वर नेता येत नाही. नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, त्यामुळे 'फेऱ्या संपू द्या मग बघू' असं सांगून त्याचा पगार अडवता येत नाही. त्याच्या नेमणूकपत्रात 'कमिशन हप्ता जमा झाल्यावरच देय होईल' हे वाक्य असेल, तर हा प्रश्न बराचसा उद्भवतच नाही. नसेल, तर पुढच्या जूनच्या आत ते घालून घ्या. चालू बॅचच्या लोकांना मागच्या तारखेने लावू नका.