चहा सोडल्यावर दुसऱ्या दिवशी

श्रावणात चहा बंद ठेवायचं ठरवणारे बरेच जण दुसऱ्या दिवशी कपाळ दाबत बसलेले दिसतात. घरात निदान ठरलेलं असतं: पित्त. पण ज्या डोकेदुखीवर अर्धा कप चहा तासाभरात उतारा ठरतो, तिचा पित्तापेक्षा मेंदूशी संबंध असण्याची शक्यता जास्त.

जागेपणी मेंदूच्या पेशी एटीपी नावाचं इंधन वापरतात. ते मोडताना अ‍ॅडेनोसिन हा रेणू सुटतो आणि पेशींबाहेर साचत जातो. १९९७ साली मांजरांना सहा तास जागं ठेवून केलेल्या प्रयोगात, मेंदूच्या पुढच्या-खालच्या भागात तो वाढत गेलेला आणि नंतरच्या झोपेत हळूहळू उतरलेला आढळला. अ‍ॅडेनोसिन आपल्या ग्राहींवर बसला की जाग टिकवणाऱ्या पेशी मंदावतात. रात्री डोळ्यांवर येणारी झापड बरीचशी या साठ्याची असते.

कॅफिनचा आकार अ‍ॅडेनोसिनशी मिळताजुळता, म्हणून ते त्याच ग्राहींवर जाऊन बसतं, मात्र मंदावण्याचा निरोप देत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवावी, तसंच. प्रवासी कमी होत नाहीत, ते उभे राहतात आणि गर्दी वाढतच जाते. म्हणजे चहाने थकवा जात नाही, त्याची खबर तेवढी अडते. रुमाल उचलले गेले की उभे असलेले सगळे एकदम बसतात.

रुमाल उचलले जायला वेळ मात्र लागतो. कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, गरोदरपणात बरेच जास्त, धूम्रपान करणाऱ्यांत कमी. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कडक कॉफीत १०० मिलिग्रॅम कॅफिन धरलं, तर रात्री दहाला ५० उरतं, पहाटे तीनला २५. “मला कॉफी पिऊनही झोप लागते” म्हणणाऱ्यांची झोप लागते खरी, पण ती उथळ होऊ शकते, आणि ते त्यांना कळतंच असं नाही.

आता सवयीचं. सीट रोजच अडत असतील, तर मेंदू गाडीत जादा बाकं टाकतो. रोज कॅफिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत अ‍ॅडेनोसिनच्या ग्राही वाढलेल्या दिसल्या आहेत. सवयीचं सगळं कारण एवढंच नसेल, पण पहिल्या कपाची जुनी तरतरी पुढे दोन कपांनीही का येत नाही, हे यावरून समजतं. तेव्हा सकाळचा कप बऱ्याच अंशी रात्रभरातली तूट भरून काढत असतो.

आणि चहा एकदम थांबला की जादा बाकं तशीच, रुमाल मात्र एकही नाही. अ‍ॅडेनोसिन मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतो आणि कॅफिन त्या आवळून धरतं. ती पकड सुटली की रक्तप्रवाह वाढतो आणि डोकं ठणकू लागतं. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत हे सुरू होतं, एक-दोन दिवसांत टोकाला जातं आणि आठवडाभरात बहुधा ओसरतं. चहा सोडायचाच असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत जावं. श्रावणाची तयारी आषाढातच सुरू केलेली बरी.