आखडलेला खांदा, धास्तावलेला पेशंट

खांदा धरला की माणूस आधी मलम लावतो, मग कुणातरी चोळणाऱ्याकडे जातो, तिथून हाडांच्या डॉक्टरांकडे, आणि फिजिओथेरपिस्टचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोवर चार-सहा महिने उलटलेले असतात. नुसता कुणी हाताला हात लावला तरी पेशंट अंग चोरतो. अशा पेशंटला तपासायचं कसं, व्यायाम किती द्यायचा आणि तो ‘नको’ म्हणाला तर काय करायचं, हे समजून घेण्यासाठी सांगलीत वीसेक वर्षं प्रॅक्टिस करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमशी बोललो. पाठ, गुडघे, मान असे सगळे विषय निघाले असते, पण मी त्यांना एकाच दुखण्यावर अडकवून ठेवलं. ते म्हणजे फ्रोझन शोल्डर. यात व्यायाम कमी पडला तरी नुकसान होतं आणि जास्त झाला तरी.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैलसर पिशवी असते. सैल असते म्हणूनच हात चहूकडे फिरतो. या आजारात तिला आधी सूज येते, मग ती जाड होऊन आक्रसते; धुतल्यावर आटलेला सुती ब्लाऊज काखेत जसा काचतो, तसा सांधा आतून काचायला लागतो. हा बहुधा चाळीस ते साठ या वयात होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास असेल तर त्याची शक्यता बरीच वाढते. बरा व्हायला एक ते तीन वर्षं लागतात. पहिले काही महिने दुखणं जोरात असतं आणि हात हळूहळू जखडत जातो. पुढे दुखणं ओसरतं पण जखडलेपण राहतं. शेवटी तेही सुटत जातं. काहींच्या हाताची थोडी कसर कायम राहते.

मॅडमनी एक केस सविस्तर सांगितली. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. चोपन्न वर्षांच्या काकू, घरी शिवणकाम करणाऱ्या. पाच महिन्यांपासून उजवा खांदा दुखत होता. अंबाडा घालता येईना, ब्लाऊजचा मागचा हुक लावता येईना, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. एका चोळणाऱ्याने हात जोरात वर ओढला होता, त्यानंतर आठवडाभर त्यांना झोप नव्हती. काकू खुर्चीत बसल्या त्या कोपर पोटाशी धरून. बोलत होते ते काका.

“पहिली दहा मिनिटं मी खांद्याला हात लावत नाही,” मॅडम म्हणाल्या. “काकांना म्हटलं, तुमचं नंतर ऐकते, आधी काकूंना सांगू द्या. आणि ‘कुठं दुखतं’ असं मी विचारलं नाही. ‘कुठलं काम अडलंय’ हे विचारलं. दुखण्याबद्दल विचारलं की माणूस एकच वाक्य बोलतो, ‘लई दुखतंय.’ कामाबद्दल विचारलं की हात किती वर जातो, मागे किती जातो, रात्री काय होतं, सगळं आपोआप कळतं.”

या बोलण्यातच त्या आणखी एक काम उरकत असतात. पडल्याचं निमित्त आहे का, ताप आहे का, वजन उगाच उतरतंय का, पूर्वी कॅन्सर झाला होता का, मान वळवली की हाताला मुंग्या येतात का? डावा खांदा असेल तर जिना चढताना दुखतो का, घाम येतो का, छाती भरून येते का, हेही त्या आवर्जून विचारतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर व्यायामाची गोष्ट तिथेच थांबते आणि पेशंट हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो.

मग हात लावायची वेळ येते, आणि घाबरलेला पेशंट बिथरतो तो इथेच. मॅडमची पद्धत अशी. आधी चांगला हात तपासायचा. त्यामुळे काय होणार आहे हे पेशंटला कळतं आणि तुलनेसाठी मापही मिळतं. मग दुखरा हात पेशंटने स्वतः हलवायचा. शेवटी तो मॅडम हलवणार, पण एक करार करून. “तुम्ही ‘बास’ म्हणालात की मी थांबणार, ‘अजून थोडंसं’ म्हणणार नाही. हे नुसतं सांगून भागत नाही. पहिल्या ‘बास’ला मी खरंच थांबते का, हे पेशंट बघत असतो.”

काकूंच्या तपासणीत निदान ठरवणारी हालचाल एकच होती. कोपर कमरेला टेकवून नव्वद अंशात वाकवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. डावा हात 70 अंशांपर्यंत गेला. उजवा स्वतःहून 15 अंशांवर अडला, आणि मॅडमनी नेला तेव्हाही तिथेच अडला. हे जुळणं महत्त्वाचं. खांद्याचा स्नायू फाटला असेल तर पेशंटला स्वतः हात नेता येत नाही, पण दुसऱ्याने नेला तर तो बहुधा बराच पुढे जातो. इथे स्नायूत जोर होता, वाट बंद होती. सांध्याची झीज किंवा मागे निखळून अडकलेला सांधाही असाच अडतो, म्हणून एक्स-रे पाहावा लागतो. काकूंचा एक्स-रे स्वच्छ होता.

या स्वच्छ एक्स-रेनेच घरात घोटाळा केला होता. काका म्हणाले, “फोटोत काही नाही, हिनं मनावर घेतलंय.” मॅडमना असलं वाक्य नवीन नाही. “मी काकांनाच जवळ बोलावलं. दोन्ही पंजे बाहेर न्यायला सांगितले आणि म्हटलं, बघा, डावा कुठं आणि उजवा कुठं. पिशवी एक्स-रेत दिसत नाही, हाडं दिसतात. मनावर घेतलेला खांदा दर वेळी एकाच अंशावर अडत नाही.” काकू रडल्या, असं मॅडम म्हणाल्या. माझ्या मते उपचार तिथूनच सुरू झाला.

व्यायाम किती द्यायचा, हे मात्र अंशांवरून ठरत नाही. खांदा किती चिडलेला आहे त्यावरून ठरतं. आराम असतानाही दुखतो का, रात्री झोपमोड होते का, हात अडायच्या आधीच कळ येते का, आणि एकदा आलेली कळ किती वेळ राहते? काकूंच्या बाबतीत चारही उत्तरं वाईट होती. अशा वेळी खांदा ओढून सोडवायला जाणं म्हणजे सुजेला आणखी निमित्त देणं. नेदरलँड्समधल्या दोन डॉक्टरांनी 2004 साली 77 पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका गटाला दुखलं तरी ताणत राहायचा उपचार दिला, दुसऱ्याला आधार, समजूत आणि दुखणार नाही इतपतच हालचाल. दोन वर्षांनी या दुसऱ्या गटातले 89 टक्के लोक जवळजवळ पूर्ववत झाले होते, तर ताणणाऱ्या गटातले 63 टक्केच. अभ्यास छोटा आहे आणि त्याने सगळं सिद्ध होत नाही, पण ‘दुखल्याशिवाय सुटत नाही’ म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

म्हणून काकूंना पहिल्या तीन आठवड्यांत तीनच गोष्टी दिल्या. डाव्या हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकायचं आणि उजवा हात सैल सोडून हलकेच झुलवायचा. खुर्चीत बसून टेबलावरच्या फडक्यावर तळवा ठेवून तो पुढे सरकवायचा. आणि दोन्ही हातांत काठी धरून डाव्या हाताने उजवा पंजा हळूहळू बाहेर ढकलायचा. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा, आधी पाच-दहा मिनिटं शेक. शेवटी दोन-तीन सेकंद थांबायचं, जास्त नाही. रात्री काखेखाली आणि कोपराखाली उशी.

“आणि मर्यादा किती दुखण्याची?” मी विचारलं.

“शून्य ते दहात तीन-चारपर्यंत चालेल. व्यायाम थांबवल्यावर अर्ध्या-एक तासात ते खाली यायला हवं. त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त जाग आली, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. बंद करायचं नाही, निम्मं.” पेशंटच्या हातात हा नियम दिला की भीती बरीच उतरते, कारण दुखलं तर काय करायचं हे त्याला माहीत असतं.

काकूंचं पहिलं मागणं वेगळंच होतं. “मॅडम, मशीन लावा ना.” मॅडमनी नाही म्हटलं नाही. मशीनने तासभर बरं वाटेल, पिशवी सुटणार नाही, एवढं सांगून पहिल्या दोन भेटींत लावलं. हे मला पटायला वेळ लागला. पण त्यांचं म्हणणं असं की अगदी पहिल्याच भेटीत वाद जिंकला तर दुसरी भेट होत नाही. खऱ्या उपयोगाची गोष्ट दुसरी होती. त्यांनी काकूंना हाडांच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं आणि सांध्यात स्टेरॉईडच्या इंजेक्शनचा विचार करावा, असं पत्र दिलं. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात त्याचा चांगला उपयोग होतो. त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून आधी ती तपासली. तीन महिन्यांची सरासरी 8.9 निघाली. मधुमेहाच्या गोळ्या काकू ‘आठवतील तशा’ घेत होत्या.

दुसऱ्या आठवड्यात काकू आल्याच नाहीत. मॅडमनी फोन केला, पण ‘व्यायाम केला का?’ असं विचारलं नाही. या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. “तिन्हीतला कुठला जमत नाही?” असं विचारलं. काठीचा जमत नव्हता. उभं राहून करताना त्यांचं कोपर पोटापासून सुटत होतं आणि खांदा वर उचलला जात होता. पुढच्या भेटीत आडवं झोपून, कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून तोच व्यायाम शिकवला आणि काकूंकडून दोनदा करवून घेतला. पेशंटने करून दाखवल्याशिवाय मॅडम त्याला सोडत नाहीत. ‘समजलं’ या शब्दावर त्यांचा विश्वास नाही.

सहा आठवड्यांनी रात्रीचं दुखणं उतरलं. मग ताण वाढवला. प्रत्येक वेळी 15 ते 20 सेकंद थांबायचं, दाराच्या चौकटीला पंजा टेकवून अंग हळू वळवायचं. हात पाठीमागे नेण्याचा, टॉवेल धरून करायचा व्यायाम सगळ्यात शेवटी, कारण तीच हालचाल सगळ्यात उशिरा सुटते आणि घाई केली की तीच दुखणं पुन्हा उठवते. पंजा बाहेर जाण्याचं माप 15 वरून 30 झालं, पाचव्या महिन्यात 50. काकू अंबाडा घालू लागल्या. मागचा हुक अजून लागत नाही. त्यांनी स्वतःचे ब्लाऊज पुढच्या हुकांचे शिवून घेतले आहेत.

सगळ्यांचं असं होत नाही. काही पेशंट दोन भेटींनंतर पुन्हा चोळणाऱ्याकडे जातात, काहींची साखर आटोक्यात येत नाही. सहा-आठ आठवडे नीट व्यायाम करूनही काहीच फरक पडला नाही, तर मॅडम पेशंट स्वतःकडे अडकवून ठेवत नाहीत. डॉक्टरांकडे परत पाठवतात. सांध्यात पाणी भरून पिशवी ताणणं, भूल देऊन सांधा सोडवणं, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, हे पर्याय मोजक्यांसाठी उरतात.

वाचकांपैकी कुणाचा खांदा पडल्याशिवाय, लागल्याशिवाय धरला असेल, तर कुणाकडूनही तो ओढून घेऊ नका. कोपर कमरेला टेकवून दोन्ही पंजे बाहेर नेऊन पाहा. एक बराच आधी अडत असेल तर तपासून घ्या, आणि त्याच दिवशी रक्तातली साखरही.