आंब्याची पेटी आणि तीन प्रश्न

हापूसची पेटी देवगडहून निघते आणि कुरियरने दोन-तीन दिवसांत पुण्याला किंवा नागपूरला पोचते. तेव्हा फळ बहुधा कडकच असतं. ते पेंढ्यात पिकवून कापेपर्यंत आणखी चार-सहा दिवस जातात. आत साका आहे की नाही, हे कापल्याशिवाय कळत नाही, कारण साक्याची खूण सालीवर उमटत नाही. आता अशा बागायतदाराने ‘पेटी पोचली’ असा संदेश आल्याबरोबर ग्राहकाला मेल धाडला, ‘आंबा कसा वाटला?’, तर उत्तर कशाचं येणार? पुठ्ठ्याच्या खोक्याचं आणि कुरियरवाल्याच्या वागण्याचं. म्हणून आंब्याच्या बाबतीत पाहणीचा मेल पेटी पोचल्यावर आठ-दहा दिवसांनी जायला हवा, म्हणजे आंबे खाऊन झालेले असतात आणि चव अजून आठवत असते.

वेळ ठरली की प्रश्न. इथे हात सुटतो. वय विचारू या, शहर विचारू या, आमच्याबद्दल कुठे कळलं, पुढच्या वर्षी घ्याल का, मित्रांना सांगाल का, असं करत यादी वीसवर जाते. चाळणी अगदी साधी आहे. प्रत्येक प्रश्नासमोर लिहायचं: याचं उत्तर वाईट आलं तर मी काय बदलणार? जिथे काही लिहिता येत नाही, तो प्रश्न काढायचा. या चाळणीतून आंब्यासाठी तीनच प्रश्न उरतात. पेटीतला आंबा एकूण कसा वाटला, एक ते पाच गुण द्या. किती फळं टाकून द्यावी लागली: एकही नाही, एक ते तीन, की चार किंवा जास्त? आणि एकच गोष्ट बदलायची झाली, तर आम्ही काय बदलावं? पहिल्याचं उत्तर बोटाच्या एका टिचकीचं, दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याला मोकळी जागा, तीही सक्तीची नाही. ‘आंबा आणि पॅकिंग आवडलं का?’ असे दोन प्रश्न एकात बांधायचे नाहीत. आंबा उत्तम आणि पॅकिंग वाईट असेल, तर माणसाने काय उत्तर द्यावं?

शहर, पेटीचा आकार, कुठल्या दिवशी माल निघाला, हे विचारायची गरजच नाही, कारण ते ऑर्डरमध्ये लिहिलेलं आहे. मेलमधल्या दुव्याला ऑर्डर क्रमांक जोडला की उत्तर आपोआप त्या पेटीशी जुळतं. पाहणी लहान राहते ती याच जोडणीमुळे. आणि म्हणूनच पाहणी जितकी लहान, तितकी ग्राहकाशी स्पष्ट बोलण्याची जबाबदारी मोठी. कारण आता ते उत्तर निनावी राहिलेलं नाही. कुणी किती गुण दिले, हे विक्रेत्याला दिसतं. तरीही कित्येक मेलमध्ये ‘आपले उत्तर पूर्णपणे निनावी राहील’ असं छापलेलं असतं. हे चूक आहे, आणि मला ते गंभीर वाटतं. कडक शेरा लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन आला, की त्या घरातून पुढे खरं उत्तर येत नाही.

मग मेलमध्ये काय लिहायचं? विषयाच्या ओळीत काम काय ते सांगायचं, आणि मजकूर साधारण असा ठेवायचा:

‘आंब्याच्या पेटीबद्दल तीन प्रश्न

नमस्कार. गेल्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडून हापूस घेतलात. खाली तीन प्रश्न आहेत, एका मिनिटात होतील. तुमचं उत्तर तुमच्या ऑर्डरशी जोडलेलं असेल, म्हणजे कोणत्या गावच्या आणि कोणत्या दिवशीच्या पेट्या बिघडल्या हे आम्हाला कळेल. उत्तरं आम्ही घरचे दोघेच वाचतो. त्यावरून पुढच्या हंगामाचं पॅकिंग आणि वाहतूक ठरवू. जाहिरातीसाठी तुमचं नाव किंवा शब्द वापरणार नाही. ऑगस्टअखेर उत्तरांतून नाव आणि ऑर्डर क्रमांक पुसून टाकू. फळं खराब निघाली असतील आणि भरपाई हवी असेल, तर पाहणीची वाट न बघता याच मेलला उत्तर द्या. 10 जूनपर्यंत कळवलंत तर उपयोग होईल.’

एवढ्यात सगळं येतं. कोण वाचणार, कशासाठी, किती दिवस ठेवणार आणि काय करणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्येही संमतीचा गाभा हाच आहे: कोणती माहिती कशासाठी घेतो हे आधी सांगायचं, आणि ते इंग्रजीत किंवा मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचता यावं. भरपाईची ओळ विसरू नये. ती नसेल तर ग्राहक तक्रार तिसऱ्या प्रश्नात लिहितो, आणि आपली दखल घेतली जाईल म्हणून वाट बघत बसतो.

मेलमध्येच पाच आकडे देऊन एका टिचकीत उत्तर घेण्याची सोय छान असते, पण त्यात एक खोच आहे. कार्यालयांच्या मेलवर बसवलेल्या काही सुरक्षा यंत्रणा मजकुरातले दुवे स्वतःच उघडून तपासतात. मग माणसाने मेल वाचण्याआधीच गुण नोंदले जातात. मेल गेल्यावर काही सेकंदांत उत्तर आलं, किंवा एकाच ऑर्डरवर एक ते पाच सगळे गुण दिसले, तर ते माणसाचं नाही असं समजावं. उपाय सोपा आहे: टिचकीने पान उघडावं, पण ‘पाठवा’ हे बटण दाबल्याशिवाय नोंद होऊ नये.

आता उत्तरं वाचायची कशी ते पाहू. समजा 300 मेल गेले. पहिल्या खेपेला 52 उत्तरं आली, आणि न कळवणाऱ्यांना पाचव्या दिवशी एकदाच आठवण दिल्यावर ती 84 झाली. त्यांतल्या 61 जणांनी चार किंवा पाच गुण दिले. म्हणजे 73 टक्के. पण ‘आमचे 73 टक्के ग्राहक समाधानी’ असं लिहिणं चुकीचं ठरेल. 216 जण गप्प आहेत, आणि ते बोलणाऱ्यांसारखेच असतील असं धरता येत नाही. 1936 साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, त्यावरून लँडन जिंकणार असं सांगितलं गेलं, आणि रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. यादी एकांगी होती, आणि उत्तर देणारेही एकांगी होते.

म्हणून एकूण टक्केवारीपेक्षा आतली फोड जास्त कामाची. समजा, चार किंवा जास्त फळं टाकावी लागली असं 15 जण म्हणाले. ऑर्डरशी जोडून पाहिलं, तर त्यांतले 11 विदर्भातले निघाले. विदर्भातून उत्तरं आली होती एकूण 18. बाकी सगळ्या गावांतून 66 उत्तरं, आणि तक्रारी फक्त 4. आकडे छोटे आहेत, तरी फरक इतका मोठा आहे की दुर्लक्ष करू नये. मे महिन्यातला लांबचा प्रवास फळाला सोसत नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. पुढच्या हंगामात विदर्भासाठी अधिक कडक फळ भरून किंवा वेगळ्या वाहतुकीने काही पेट्या पाठवून बघता येतील, आणि हेच तीन प्रश्न पुन्हा विचारून फरक पडला का ते कळेल.

राहिला शेवटचा मेल. तो सगळ्या 300 जणांना जायला हवा, उत्तर न देणाऱ्यांनाही. ‘84 जणांनी कळवलं. विदर्भातल्या पेट्यांत फळं जास्त खराब झाली. पुढच्या वर्षी तिकडचं पॅकिंग बदलतो आहोत.’ चार ओळी पुरेत. ज्यांना हा मेल लिहायला सवड होणार नाही, त्यांनी पहिलाही पाठवू नये.