मुदतवाढीचा अर्ज

पीएच.डी.चा प्रबंध ३१ मार्चला सादर करायचा आहे आणि जानेवारीत क्षयरोगाचे निदान झाले, अशी एक विद्यार्थिनी कल्पनेत घ्या. अर्ज कसा करावा?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. पुढे फेरनोंदणीने दोन वर्षे वाढू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. त्यामुळे अर्जात प्रवेशाची तारीख आधी हवी. आजार कितीही खरा असला, तरी या कमाल मर्यादेपुढे मार्गदर्शकाची शिफारस चालत नाही.

मर्यादेच्या आत मात्र तिचे वजन मोठे. ‘शिफारस करतो’ एवढेच लिहून सही ठोकणारे मार्गदर्शक विद्यार्थ्याचे नुकसानच करतात. पाच प्रकरणांपैकी तीन तपासून झाली, चौथ्याचा मसुदा हाती आहे, पाचव्याचे विश्लेषण उरले आहे, म्हणून सहा महिने पुरतील, असे पत्र हवे. आधीच्या सहामाही प्रगती अहवालांशी ते जुळायला हवे. तीन वर्षे काम रखडलेले असेल, तर दोन महिन्यांच्या आजारपणाने ते झाकले जात नाही.

वैद्यकीय प्रमाणपत्रात निदान, उपचार सुरू झाल्याची तारीख आणि विश्रांतीचा काळ स्पष्ट असावा. त्याच दिवसांत परिषदेत निबंध वाचल्याची नोंद निघाली, तर अर्ज संशयात सापडतो.

मुदत संपण्याआधीच अर्ज द्या, आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्या.