गळका नळ : वायसर की कार्ट्रिज?

नळ घट्ट बंद करूनही त्याच्या तोंडातून पाणी ठिबकत असेल, तर पाणी अडवणारा आतला भाग नीट बसत नाही असा त्याचा अर्थ होतो. हा भाग सगळ्या नळांत सारखा नसतो. जुन्या पद्धतीच्या नळात रबराची चकती म्हणजे वायसर पितळी कडेवर दाबला जाऊन पाणी अडते. नव्या नळांत चिनी मातीसारख्या कठीण सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि भोके जुळली की पाणी वाहते, सरकली की थांबते. या चकत्या ज्या डबीत बसवलेल्या असतात तिला कार्ट्रिज म्हणतात. दुकानात जाण्याआधी आपल्या नळात यांपैकी काय आहे हे कळले, तर निम्मे काम झाले. त्यासाठी नळ उघडावाही लागत नाही.

मूठ फिरवून पाहणे ही पहिली परीक्षा. बंद नळ पूर्ण सोडायला मूठ एकाहून जास्त फेरे फिरत असेल, तर तो वायसरचा नळ. असा नळ बंद करताना शेवटी रबर दबल्याचा मऊ दाब हाताला जाणवतो आणि अजून जोर लावला तर मूठ आणखी थोडी फिरते. मूठ पाव किंवा अर्धा फेरा फिरून कडक थांबत असेल, तर आत सिरॅमिकच्या चकत्या आहेत. एकच दांडा वर उचलून पाणी सुरू होत असेल आणि तोच डावी-उजवीकडे फिरवून गरम-गार ठरत असेल, तर तो कार्ट्रिजचा मिक्सर.

दुसरी परीक्षा गळतीच्या वागण्यावरून होते. वायसर झिजला असेल तर मूठ करकचून आवळल्यावर थेंब थांबतात, काही दिवसांनी पुन्हा सुरू होतात, आणि दर वेळी थोडा जास्त जोर लागतो. घरात एकालाच नळ ‘बंद करता येतो’ अशी वेळ येते, ती याच टप्प्यावर. सिरॅमिकच्या नळाला कितीही जोर लावला तरी गळतीत फरक पडत नाही. तिथे ताकद लावली तर फक्त मूठ किंवा आतला थांबा तुटतो.

पाणी नेमके कुठून येते हेही पाहावे. नळाच्या तोंडातून थेंब पडत असतील तरच दोष वायसरचा किंवा कार्ट्रिजचा. नळ चालू असताना मुठीच्या खालून पाणी झिरपत असेल, तर फिरणाऱ्या दांडीभोवतीची सील किंवा दोरा सैल झालेला असतो. बऱ्याच जुन्या नळांत मुठीखालचा छोटा नट किंचित आवळला तरी ते थांबते. शॉवर बंद केल्यावर मिनिटभर पडणारे थेंब म्हणजे नळीत साठलेले पाणी असते, त्याला गळती समजू नये.

गरम आणि गार अशा दोन मुठींच्या मिक्सरमध्ये कोणती बाजू गळते हे थेंबाला हात लावून कळत नाही, कारण हळू ठिबकणारे गरम पाणी वाटेतच गार होते. त्याऐवजी एका बाजूचा पुरवठा बंद करून दहा मिनिटे थांबावे. गळती थांबली तर दोष त्याच बाजूचा.

आता उदाहरणासाठी न्हाणीघरातला बादलीवरचा साधा अर्धा इंची पितळी नळ घेऊ. मूठ दोन फेरे फिरते, आवळली की थेंब थांबतात, रात्रीतून पुन्हा सुरू होतात. खाली लिटरभराचा मग ठेवला तर तो साधारण सव्वा तासात भरतो, म्हणजे दिवसाला १९ लिटरच्या आसपास, एक बादली. निदान सरळ आहे, वायसर.

पाणी बंद केल्याशिवाय काहीही उघडायचे नसते. नळाला स्वतंत्र अँगल कॉक असेल तर तो बंद करावा, नाहीतर न्हाणीघराचा किंवा गच्चीवरच्या टाकीखालचा वॉल्व्ह. इमारतीत टाकीचा वॉल्व्ह बंद करण्याआधी त्याच लाइनवरच्या घरांना सांगणे बरे, नाहीतर वरच्या मजल्यावरचा साबण लावलेला माणूस खाली येतो. मग नळ सोडून पाइपातले पाणी जाऊ द्यावे आणि मोरीच्या जाळीवर फडके टाकावे. मुठीचा स्क्रू नेहमी तिथेच घरंगळतो.

मुठीवरची टोपी सुरीच्या टोकाने उचलली की खाली स्क्रू दिसतो. तो काढून मूठ वर ओढायची. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत क्षार साचून मूठ घट्ट बसलेली असते. तिच्यावर हातोडी मारू नये. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवले आणि मूठ हलकेच डावी-उजवीकडे डोलवली की ती सुटते. मुठीखालची झाकणी बहुधा हाताने फिरवून निघते. तिच्या खाली षटकोनी नट दिसतो, तोच स्पिंडलचा नट.

सगळ्यात जपण्याची पायरी हीच. नट उलटा फिरवताना पूर्ण नळच फिरला, तर भिंतीतला सांधा हलतो आणि थेंबाचे काम भिंत फोडण्यावर जाते. म्हणून एका हाताने, किंवा फडके गुंडाळून दुसऱ्या पान्ह्याने, नळाचे अंग घट्ट धरावे आणि स्क्रू पान्ह्याने फक्त नट फिरवावा. त्याआधी नळ अर्धा उघडा ठेवावा, म्हणजे वायसर कडेवर दाबलेला राहत नाही आणि नट सहज सुटतो.

स्पिंडल बाहेर आला की त्याच्या तळाशी वायसर दिसतो. निरोगी वायसर सपाट आणि लवचीक असतो. झिजलेल्या वायसरवर पितळी कडेची गोल खाच उमटलेली असते, रबर नखाने दाबले तर दबत नाही, कधी कडेचा तुकडाच गेलेला असतो. तो कधी छोट्या नटाने किंवा स्क्रूने धरलेला असतो, कधी नुसता दाबून बसवलेला. जुना वायसर स्पिंडलसकट दुकानात न्यावा. एकाच अर्ध्या इंची मापाच्या नळांतही वायसरची जाडी आणि भोक वेगळे असू शकते, आणि ‘चालेल’ म्हणून घेतलेला थोडा मोठा वायसर कडेवर वाकडा बसतो.

नवा वायसर बसवण्याआधी नळाच्या पोटात बोट घालून पितळी कडा चाचपावी. बरेच जण इथेच घाई करतात. कडा गुळगुळीत लागली तर काम सोपे. खड्डा, चरा किंवा क्षाराचा खडबडीत थर लागला, तर नवा वायसर काही आठवड्यांतच कापला जातो आणि दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो. क्षार व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने निघतो. पितळच खाल्ले गेले असेल तर कडा घासून सपाट करण्याचे हत्यार प्लंबरकडे असते, पण जुन्या स्वस्त नळासाठी तो खटाटोप करण्यापेक्षा नळ बदलणे बरे.

जोडताना क्रम उलटा. स्पिंडल पुन्हा अर्ध्या उघड्या स्थितीतच ठेवून नट हाताने आटे पकडेपर्यंत फिरवावा. आटे तिरपे गेले तर लगेच अडकल्याचे जाणवते, तेव्हा परत काढावा. शेवटचे थोडे आवळणे पान्ह्याने. मग नळ उघडा ठेवूनच पुरवठा हळूहळू सोडावा, म्हणजे हवा आणि सुटलेली रेती निघून जाते. नंतर मूठ नेहमीच्या जोराने बंद करावी. तोंडाची आतली कड फडक्याने कोरडी करून दहा मिनिटांनी बोट फिरवले की निकाल कळतो.

पाव फेऱ्याच्या नळात अर्धे काम असेच होते, पण बाहेर येणारा स्पिंडल वेगळा असतो. त्याच्या पोटात दोन सिरॅमिक चकत्या आणि तळाशी रबराचे कडे असते. चकत्या सहसा झिजत नाहीत. त्यांना ओरखडे पडतात ते रेतीने, आणि टाकी धुतल्यावर किंवा पाइपलाइनची दुरुस्ती झाल्यावर एकाच आठवड्यात घरातले दोन-तीन नळ ठिबकू लागतात ते म्हणूनच. टाकी धुतल्यावर आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून पाणी थोडा वेळ वाहू द्यावे हे त्यावरचे साधे पथ्य. कित्येकदा दोष चकत्यांत नसतोच, खालचे रबरी कडे कडक झालेले असते. ते सुटे मिळाले तर तेवढेच बदलावे. नाहीतर पूर्ण स्पिंडल घ्यावा लागतो, आणि तिथे माप नेमके लागते : दांडीची उंची, आट्यांचा घेर, मूठ बसते त्या दातांची संख्या. दोन मुठींच्या मिक्सरमध्ये दोन्ही बाजूंचे स्पिंडल उलट दिशांना बंद होणारे असू शकतात. जुना स्पिंडल मुठीसकट दुकानात नेला तर हे सगळे तिथेच जुळवता येते.

एका दांड्याच्या मिक्सरसाठी गरम आणि गार दोन्ही पुरवठे बंद करावे लागतात. गीझरचे बटणही बंद असावे. दांड्यावरची लाल-निळी टिकली उचलली की आत बारीक स्क्रू दिसतो, तो ॲलन कीने सैल होतो. दांडा आणि घुमटाकार झाकणी काढली की खाली मोठा नट आणि त्याखाली कार्ट्रिज असते. सर्वसाधारणपणे तिचा व्यास ३५ किंवा ४० मिलिमीटर असतो, पण तळाची भोके आणि उंची कंपनीनुसार बदलते, म्हणून इथेही जुनी बरोबर नेलेली बरी. कार्ट्रिज काढल्यावर मोकळ्या जागेवर फडके धरून क्षणभर पाणी सोडले तर आतली रेती बाहेर पडते. ती राहिली तर नवी कार्ट्रिजही लवकरच जुन्याच्या वाटेने जाते.

नव्या कार्ट्रिजच्या तळाला दोन छोटे खुंट असतात, ते नळातल्या दोन भोकांत बसले पाहिजेत. बसले की कार्ट्रिज डगमगत नाही. तळाची रबरी कडी आपापल्या खाचेत आहेत ना हे पाहूनच नट लावावा. नट सैल राहिला तर पाणी झाकणीखालून येते, फार आवळला तर दांडा जड फिरतो. दांडा सहज पण किंचित अडवत फिरला म्हणजे नट बरोबर लागला. एवढे करूनही तोंडातून थेंब येत असेल, तर बहुधा तळाच्या कड्याखाली खडा किंवा क्षार राहिलेला असतो. कार्ट्रिज पुन्हा काढून खालची जागा पुसावी. ती जागाच खाल्ली गेली असेल किंवा नळाच्या अंगाला चीर असेल, तर नळच बदलावा लागतो.