वाळूतील बारीक धूळ

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी बांधकाम खात्याच्या एका लहानशा उपविभागात रुजू झालो, तेव्हा भीमेच्या खोऱ्यात वाळू म्हणजे नदीची वाळू हे इतके गृहीत धरलेले असे की, अंदाजपत्रकात नुसता ‘वाळू’ एवढाच शब्द लिहून पुढच्या बाबीकडे वळण्याचा प्रघात होता. पावसाळा सरून पात्र उघडे पडले, महसूल खात्याने लिलाव पुकारला आणि ठेकेदाराने स्वामित्वधनाचा भरणा केला, की ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, मापाने वाळू कामावर येऊन पडे. ती चाळून घेण्यापलीकडे तिची फारशी चौकशी कोणी करीत नसे, आणि तशी गरजही क्वचितच भासे. कारण जी चौकशी आम्ही करावयाची ती नदीने आधीच केलेली असे. कोसोकोस वाहत येताना तिने कणांच्या कडा घासून टाकलेल्या असत, माती पुढे वाहून नेलेली असे, आणि अशा गोलसर, स्वच्छ कणांना एकमेकांवरून सरकण्यास पाणी थोडे लागत असल्यामुळे गवंड्याची थापी सुखाने चाले व काँक्रीटही बेताच्या पाण्यात साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचे.

खाणीच्या वाळूशी माझा परिचय त्याच काळातला. नदीकाठच्या जुन्या गाळथरांत खड्डे घेऊन काढलेली ही पिवळसर तांबूस वाळू खारटपणापासून मुक्त असते, तिचे कण टोकदार असतात, आणि चुन्याच्या दर्जांत ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. परंतु तिच्या प्रत्येक कणावर चिकणमातीचे पातळ पटल बसलेले असते, आणि सिमेंट कणाला न चिकटता त्या पटलालाच चिकटते, ही तिची खरी अडचण. मूठभर ओली वाळू तळहातावर चोळावी आणि पाण्याने निथळून टाकावी. हाताला मातीचा डाग राहिला तर ती धुतल्यावाचून गिलाव्याला घेऊ नये, ही एका वृद्ध मिस्त्रींनी शिकविलेली कसोटी मला पुढे प्रयोगशाळेतील चाचणीइतकीच उपयोगी पडली. चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. आणि असा फुगणारा पदार्थ भिंतीवर लिंपून तिने स्वस्थ बसावे ही अपेक्षाच व्यर्थ होय.

पुढे नदीच आटली, म्हणजे पात्रातील वाळू आटली. उपशामुळे काठच्या विहिरींचे पाणी खोल गेले, पुलांच्या पायांभोवतीचा तळ उघडा पडू लागला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातील उपशालाही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविली, आणि २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने विनापरवाना उपशास देशभर मनाई केली. त्या सुमारास कामांवर जी करडी, रुक्ष वाळू येऊ लागली ती आपल्याच डोंगरांतील काळा पाषाण भरडून केलेली, बाजारात ‘क्रश सँड’ म्हणून ओळखली जाणारी. तिच्याविषयी मी बराच काळ पूर्वग्रह बाळगला होता, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. तो पूर्वग्रह एका घराच्या निमित्ताने दूर झाला. निदान त्याला योग्य जागा सापडली.

पुणे जिल्ह्यातील एका परिचितांच्या दुमजली घराचा आतील गिलावा पुरा होऊन तीन आठवडे लोटले असतील, तोच सर्व खोल्यांच्या भिंतींवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या आणि काही ठिकाणी मुठीने ठोकले असता गिलावा पोकळ वाजू लागला. घरधन्यांचा ग्रह असा झाला की वाळूच खोटी. परंतु त्याच ढिगातील वाळूने ओतलेला स्लॅब मात्र निर्दोष होता, त्याचे ठोकळेही दाबाच्या चाचणीत उतरले होते. मी ढिगातून ५०० ग्रॅम वाळू वाळवून घेतली, ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाणी निवळ येईपर्यंत धुतली आणि पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती ४३० ग्रॅम भरली. म्हणजे ७० ग्रॅम, अर्थात शेकडा १४ भाग, नुसती धूळ होती.

आता काँक्रीटसाठी असलेल्या ३८३ क्रमांकाच्या भारतीय मानकात अशा धुळीची मर्यादा नैसर्गिक वाळूस शेकडा ३ आणि भरडलेल्या वाळूस शेकडा १५ आहे. हा भेद १९७० च्या आवृत्तीतही होता आणि २०१६ च्या आवृत्तीतही आहे, आणि त्यामागे मोठे मर्म आहे: नदीच्या किंवा खाणीच्या वाळूतील धूळ बहुधा माती असते, तर भरडलेल्या वाळूतील धूळ, मूळ दगड कुजका नसेल आणि खाणीवरचा मुरूम त्यात मिसळला नसेल तर, दगडाचीच पूड असते. ही पूड फुगत नाही. काँक्रीटमध्ये तर ती टोकदार कणांमधील पोकळ्या भरून काढते. म्हणून स्लॅबला ती वाळू मानवली. पण पूड निष्क्रिय असली तरी तहानलेली असते. जेमतेम १२ मिलिमीटर जाडीचा गिलावा थापताना माल ओढू लागला की गवंडी पाणी वाढवितो, ते पाणी चार दिवसांत उडून जाते, माल आकसू पाहतो आणि कोरडी वीट त्याला धरून ठेवते. मग भेग पडण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. काँक्रीटमध्ये हे आकसणे रोखण्यास खडी असते. गिलाव्यात तसा आधार कोणताच नसतो.

आणखी एक गोष्ट मला तेथेच उमगली. नदीची वाळू कामावर ओलसर येई, आणि ओलसर वाळू फुगून बसते, कारण कणांभोवतीचे पाण्याचे पटल त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. उभ्या भांड्यात अशी वाळू २०० मिलिमीटर भरून ती पाण्यात पुरती बुडविली आणि पातळी १६० वर उतरली, तर तिचा फुगारा शेकडा २५ धरावा. अशा वाळूची चार घमेली वस्तुतः सव्वातीनच्या आतबाहेर असतात. गवंड्याच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या सवय झाली ती या अधिक सिमेंटच्या मऊ मालाची. यंत्रावरून कोरडीच आलेली क्रश सँड त्याच घमेल्यांनी मोजली की माल खरोखर एकास चार होतो, हाताला रुक्ष लागतो, आणि पुन्हा पाण्याचा डबा ओतला जातो. दोष वाळूचा नसून मापाचा, आणि तो कोणाच्याच लक्षात येत नाही. (पावसात भिजलेल्या ढिगाचा फुगारा मात्र नदीच्या वाळूहूनही अधिक निघू शकतो, हे ध्यानात ठेवावे.)

यंत्रायंत्रांतही फरक असतो. नुसत्या जबड्याच्या यंत्राखाली खडी करताना उरलेला चुरा, ज्याला आपल्याकडे कच म्हणतात, तो चपट्या, सुईसारख्या कणांचा असतो आणि पुष्कळदा तोच वाळू म्हणून खपविला जातो. ज्या उभ्या आसाच्या यंत्रात दगडावर दगड आदळवून कडा मोडल्या जातात तेथील कण घनाकार निघतात. चिमूटभर वाळू कागदावर पसरून भिंगाखाली पाहिली तरी हा भेद लपत नाही.

त्या घराचा पोकळ वाजणारा गिलावा आम्ही काढून टाकला. भिंतीवर टाचे मारून, आदल्या संध्याकाळी ती पाण्याने भिजवून, धुतलेल्या व बारीक चाळणीतून काढलेल्या क्रश सँडचा माल पातळ थरात दोन हातांनी चढविला. पाण्याचे माप पहिल्या घाणालाच ठरवून डब्यावर खूण केली, आणि सात दिवस भिंत सुकू दिली नाही. धुतलेली वाळू महाग पडली, काम आठ दिवस लांबले, आणि गवंड्याने पहिला दिवस नाराजीतच काढला. दोन पावसाळे उलटल्यावर मी मुद्दाम जाऊन प्रत्येक खोलीची भिंत मुठीने वाजवून पाहिली. जिन्याखालच्या एका कोपऱ्याखेरीज, जेथे धुतलेली वाळू संपल्यामुळे जुन्या ढिगातील चार घमेली मिसळली गेली होती, सर्वत्र ती भरीव वाजली.